आईच्या नावाचा रकाना

काकू दुपारी आल्या. हातात प्लॅस्टिकची फाइल, सोबत त्यांचा धाकटा भाऊ. साताऱ्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं भाषांतराचं ऑफिस आहे आणि माझ्याकडे येणारी निम्मी माणसं नोटरीकडून पाठवलेली असतात. काकूही तशाच आल्या होत्या. त्यांची मुलगी ब्रॅम्प्टनला असते. तिने आईसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथे राहणाऱ्या मुलांकडे आईवडिलांना लांब मुक्कामाला जाता येतं तो व्हिसा, मागितला होता. त्यात आई-मुलीचं नातं सिद्ध करायला मुलीच्या जन्माची नोंद लागते. ती नोंद मराठीत, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर. आणि तिकडून पत्र आलं होतं की हे भाषांतर चालणार नाही, नव्याने द्या.

मी भाषांतर वाचलं. इंग्रजी उत्तम होतं. शेवटी सही मुलीचीच.

तिला फोन लावला. बिचारी खूप दुखावलेली होती. "ताई, मी मराठी माध्यमात शिकले, इथे नोकरीत रोज इंग्रजी लिहिते. माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार?" तिचं खरं होतं, पण प्रश्न भाषेचा नव्हता. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा नियम स्पष्ट आहे: अर्जदाराने स्वतः भाषांतर करायचं नाही आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. त्या यादीत आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे आणि चुलत-मामे भावंडंसुद्धा येतात. घरातला माणूस वकील, नोटरी किंवा व्यावसायिक भाषांतरकार असला तरी सवलत नाही. शेजारी बसलेले मामा लगेच म्हणाले, "माझा पोरगा वकील आहे, त्याची सही घेऊ." तो काकूंचा सख्खा भाचा, म्हणजे तोही बाद.

मग कोण करू शकतं? कॅनडात प्रांतोप्रांती भाषांतरकारांच्या व्यावसायिक संघटना आहेत. ओंटारिओत एटीआयओ, क्युबेकमध्ये ओटीटीआयएक्यू, ब्रिटिश कोलंबियात एसटीआयबीसी. त्यांच्या प्रमाणित सदस्याने शिक्क्यानिशी दिलेलं भाषांतर तसंच चालतं. बाकीच्या कुणी केलं, म्हणजे माझ्यासारखीने, तर भाषांतरासोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. भाषांतरकार ज्या देशात राहतो त्या देशात शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर ते करायचं. आपल्याकडे ते काम नोटरी करतो. शिवाय ज्या मूळ कागदावरून भाषांतर केलं त्याची साक्षांकित प्रत.

इथे एक सांगायलाच हवं, कारण रोज याच गैरसमजाशी माझी गाठ पडते. "सरकारमान्य भाषांतरकाराचा शिक्का" लोक मागत येतात. जर्मनीत भाषांतरकार न्यायालयापुढे शपथ घेतो आणि त्याचं नाव अधिकृत यादीत असतं. तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. १९५२च्या नोटरी कायद्यातल्या कलम ८ प्रमाणे नोटरीला भाषांतर करायचा आणि पडताळायचा अधिकार आहे, पण जर्मन कार्यालयाने त्यांच्या यादीतलाच भाषांतरकार मागितला असेल तर इथल्या नोटरीचा लाल शिक्का तिथे उपयोगी पडत नाही. उलट अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला नोटरीही लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, एवढं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलं की झालं. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: कागद कुठल्या देशात, कुठल्या कार्यालयात जाणार आहे?

नियम समजला तसं काकूंचं काम सोपं वाटायला लागलं. चार वाजता मी मूळ कागद समोर घेतला. १९८४ सालच्या जन्म नोंदीची ती ग्रामपंचायतीची हस्तलिखित नक्कल होती. निळी शाई, खाली गोल शिक्का, त्याची उजवी बाजू अर्धी उमटलेली. मी रकाने एकेक करून लिहीत गेले आणि आईच्या नावाशी थांबले.

तिथे लिहिलं होतं "सिंधू". मुलीच्या भाषांतरात होतं "स्मिता". काकूंच्या पासपोर्टवरही स्मिता. (दोन्ही नावं मी इथे बदलली आहेत.)

"काकू, सिंधू कोण?"

त्या हसल्या. "मीच की. माहेरची."

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि सिंधूची स्मिता झाली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. मुलगी झाली, तेव्हा ग्रामपंचायतीत खबर द्यायला काकूंचे वडील गेले. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी तोंडात बसलेलं लेकीचं नाव सांगितलं. त्यांच्या लेखी ती सिंधूच होती. नोंद तशी पडली आणि चाळीस वर्षं कुणाला अडली नाही, कारण शाळेपासून पासपोर्टपर्यंत आईच्या नावापुढे मुलीने स्मिताच लिहिलं आणि मूळ नक्कल कुणी निरखून पाहिलीच नाही.

मुलीने मात्र भाषांतर करताना ती पाहिली होती. मी पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "हो, ते नाव चुकीचं होतं ना, म्हणून मी बरोबर लिहिलं." तिच्या मनात जराही खोट नव्हती, पण माझा जीव धसकला. कुणी मराठी जाणणाऱ्याने मूळ कागदाशी ते ताडून पाहिलं असतं, तर मुलीने आईच्या अर्जात खोटं भाषांतर दिलं असाच अर्थ निघाला असता. कुटुंबाला भाषांतर करू देत नाहीत ते याचसाठी. घरच्या माणसाला खरं काय ते आधीच माहीत असतं, म्हणून तो कागदावरचं वाचतच नाही.

मामा म्हणाले, "ताई, तुम्हीपण स्मिताच लिहा. काय फरक पडतो? आहे तर तीच." मी नाही म्हटलं. मी शपथेवर लिहून देणार होते की कागदावर जे आहे तेच माझ्या भाषांतरात आहे. सिंधू आणि स्मिता एकच बाई आहे हे मला काकू समोर बसल्या होत्या म्हणून पटलं, पण ते कागदावर नव्हतं. कंसात "म्हणजे स्मिता" एवढं लिहिण्याचाही मला अधिकार नाही. ती एकच आहे हे सांगणारा दुसरा कागद लागतो, आणि तो देणारा माणूस दुसरा असतो.

तो माणूस म्हणजे ग्रामसेवक, गावातल्या जन्म-मृत्यू नोंदीचा निबंधक. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९च्या कलम १५ मध्ये चूक दुरुस्त करण्याची पद्धत दिली आहे आणि ती मला फार आवडते: मूळ नोंद खोडायची नाही, तिच्यात फेरफार करायचा नाही, समासात दुरुस्ती लिहायची, तिच्याखाली सही करायची आणि तारीख घालायची. नुसती लिहिण्यातली चूक नसेल, मजकूरच चुकला असेल, तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं प्रतिज्ञापन लागतं. काकूंनी गावातल्या थोरल्या वहिनी आणि शेजारचे निवृत्त गुरुजी यांना तयार केलं. सोबत सिंधू नावाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका. पत्रिकेत "चि. सौ. कां. सिंधू" होतं, म्हणजे लग्नाआधीचं नाव आणि वराचं नाव एकाच कागदावर. ग्रामसेवकांचं समाधान झालं ते त्या पत्रिकेने.

दोन-अडीच आठवड्यांनी काकू नवा दाखला घेऊन आल्या. हल्लीच्या दाखल्यावर रकान्यांची शीर्षकं मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात. ती बघून लोकांना वाटतं की भाषांतराची गरज नाही. पण भरलेला मजकूर मराठीत होता, शिक्का मराठीत होता आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, शेरा रकान्यातली दुरुस्तीची नोंद, तीही मराठीत.

मी दोन्ही कागदांचं भाषांतर केलं, जुन्या नकलेचंही, कारण ती आधीच अर्जात गेली होती. जुन्यात आईचं नाव सिंधू, नव्यात शेऱ्यासह जसं आहे तसं. मुलीने शिक्क्याच्या जागी फक्त "शिक्का" एवढंच लिहिलं होतं. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला प्रत्येक शिक्का भाषांतरित हवा असतो, म्हणून मी ग्रामपंचायतीचं नाव, तालुका, जिल्हा असं वाचता आलं तेवढं लिहिलं आणि चौकटी कंसात नोंदवलं की उजवीकडचा भाग उमटलेला नाही. गावाचं नाव मला माहीत होतं, तरी न उमटलेली अक्षरं भरली नाहीत. मुलीला सांगितलं की आधीच्या भाषांतरात नाव बदललं होतं हे पत्रात स्वतःहून लिही, आम्ही लपवलं असं त्यांना वाटायला नको. तिने लिहिलं.

मग नोटरीकडे. प्रतिज्ञापत्रात माझं नाव, पत्ता, मराठी आणि इंग्रजी मला कशा येतात, कुठल्या कागदांचं भाषांतर केलं आणि ते मूळ मजकुराशी खरं आहे, एवढंच. पुष्कळ ठिकाणी भाषांतरकार येतच नाही; कारकून सही झालेला कागद पुढे सरकवतो आणि शिक्का पडतो. त्या शिक्क्याला अर्थ नाही, कारण नोटरी साक्ष देतो ती माणसाने आपल्यासमोर शपथ घेतली याची. माझे नोटरी जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी मूळ दाखले मागितले, झेरॉक्सशी ओळीनं ओळ ताडले, प्रत्येक झेरॉक्सवर खरी प्रत असल्याचं लिहून नाव, हुद्दा, तारीख घातली. मग मला विचारलं, "भाषांतर तुम्हीच केलंय? शपथेवर?" मी हो म्हटलं, त्यांच्यासमोर सही केली, त्यांच्या रजिस्टरात केली. काकू पेन घेऊन थांबल्या होत्या. त्यांना सांगावं लागलं की तुमची सही कुठेच नाही.

संध्याकाळी सगळं स्कॅन करून मुलीला पाठवलं. रात्री उशिरा तिचा फोन आला. मला वाटलं काही राहिलं. ती म्हणाली, "ताई, जुन्या नकलेच्या भाषांतरात तुम्ही खबर देणाऱ्याचं नाव लिहिलंय."

"हो. शेवटचा रकाना आहे तो. तुम्ही सोडला होतात."

"मला वाटलं, त्याचं काय काम." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या जन्माची खबर आजोबांनी दिली, हे मला आज कळलं."