रिकाम्या जागेपाशी थांबायचं

आमच्या गावच्या विकास सोसायटीचा मी २२ वर्षं सभासद आहे. पीककर्जाच्या कागदांवर मीही इतकी वर्षं फुलीच्या खुणा बघून सह्या केल्या. सचिव पेन्सिलीने फुली मारून ठेवायचे आणि आपण तिथे सही करायची. गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्या वस्तीवरच्या पाच घरांनी मिळून नदीपासून पाइपलाइन आणायचं ठरवलं. खर्च साडेसात लाख निघाला. प्रत्येकाने दीड लाखाचं मध्यम मुदतीचं कर्ज काढायचं आणि पाच वर्षांत ऊसबिलातून फेडायचं, असं ठरलं. जामीन आपलेच आपल्याला, म्हणजे एकाला दुसरे दोघे.

सह्यांचा दिवस गुरुवार ठरला होता. मंगळवारी मी सचिवांना म्हटलं, "साहेब, कोऱ्या फॉर्मची एक झेरॉक्स द्या. वस्तीवर वाचून दाखवतो."

ते जरा अडखळले. "सगळीकडं हेच छापील असतंय. बँकेकडनं आलेलं आहे."

"म्हणूनच देता येईल ना," मी म्हटलं. त्यांनी दिली.

मला हे सुचायला कारण होतं. वडील एकदा भावकीतल्या एकाला जामीन राहिले होते. नोटीस आली तेव्हा ते सगळ्यांना एकच सांगत राहिले, "मी तर साक्षीदार होतो." साक्षीदार सही समोर झाल्याचं सांगतो. जामीनदार पैसे द्यायचं कबूल करतो. दोन्ही सह्या एकाच पानावर, एकाखाली एक असतात. त्यांना हा फरक कुणी मोठ्याने वाचून सांगितला नव्हता आणि मी तेव्हा कॉलेजात होतो, मीही विचारलं नाही. दोन गाई विकून ते पैसे भरले.

मंगळवारी रात्री आक्कांच्या ओसरीवर बसलो. आक्का आमच्यात सगळ्यात थोरल्या. नवरा गेल्यापासून शेत त्याच बघतात. सही करतात, पण छापील मजकूर वाचायचा म्हटलं की डोळे साथ देत नाहीत. तात्या होते, मधल्या मळ्यातले दादा होते आणि शेवटच्या घरातला आमचा पोरगा. वय २६, पण त्याच्या आजोबांपासून सगळे त्याला पोरगाच म्हणतात.

गठ्ठ्यात चार कागद होते. कर्जाचं करारपत्र, वचनचिठ्ठी, जामीनरोखा आणि इकरार. करारातलं पहिलंच वाक्य दीड पान चालतं, मध्ये पूर्णविराम नाही. "सदर कर्जदार, त्याचे वारस, मुखत्यार" असं सुरू होऊन ते "कोणतीही तोशीस लागू देणार नाही" इथे येऊन टेकतं. मी ते एका दमात वाचलं आणि कुणालाच काही कळलं नाही, मलाही नाही. मग पद्धत बदलली. स्वल्पविरामापर्यंत वाचायचं, थांबायचं आणि कुणीतरी ते आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर पेन्सिलीने खूण.

रिकाम्या जागा तेव्हाच दिसायला लागल्या. मनात वाचताना डोळा टिंबटिंबांवरून सरळ पुढे जातो, तोंडाने वाचताना जाता येत नाही. "सदर कर्जावर द.सा.द.शे. ... टक्के" इथे आवाज थांबतोच. मी प्रत्येक वेळी "रिकामं" असं मोठ्याने म्हणत गेलो. आक्कांनी ज्वारीचे दाणे घेतले होते, दर रिकाम्याला एक दाणा बाजूला. चारही कागद संपले तेव्हा १७ दाणे झाले होते. व्याजाचा दर, हप्त्याची तारीख, गट नंबर, क्षेत्र, जामीनदारापुढची रक्कम, सगळंच त्यात आलं. गुरुवारी आम्ही फुलीवर सह्या करून आलो असतो, तर या १७ जागा नंतर ऑफिसात भरल्या गेल्या असत्या. सचिवांनी खोटं काही भरलं असतं असं मी म्हणत नाही. पण सही आधी आणि मजकूर मागून, हा क्रम मला पटत नाही.

एका जागी रिकामं नव्हतं, उलट एक शब्द जास्त होता. "व्याजाची आकारणी मंजूर रकमेवर / येणे बाकीवर करण्यात येईल." शेजारी बारीक अक्षरात, "लागू नसेल ते खोडावे." तात्या म्हणाले, "दोन्ही एकच की."

मी पाटी मागवली. दर अकरा टक्के, हे तोंडी ठरलंच होतं. मुद्दल दीड लाख, दरवर्षी तीस हजार फेडायचे. बाकीवर व्याज असेल तर पहिल्या वर्षी दीड लाखावर १६,५०० होतात. पुढच्या वर्षी एक लाख वीस हजारच राहिले, म्हणून १३,२००. मग ९,९००, मग ६,६०० आणि शेवटी ३,३००. पाच वर्षांचं मिळून ४९,५००. आणि मंजूर रकमेवर असेल तर? तीस हजार फेडले काय, साठ फेडले काय, दरवर्षी तेच १६,५००. पाच वर्षांचे ८२,५००. फरक ३३ हजारांचा, तोही एका घराचा. पाटी बराच वेळ कुणी पुसली नाही.

ऊसबिलातून कारखान्याने परस्पर कपात करायची, हे कलम सगळ्यांना माहीत होतं. ते पटकन संपलं. जामीनरोख्याला मात्र तास गेला.

"जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, सामाईक व वैयक्तिक राहील. संस्थेने कर्जदाराकडे प्रथम वसुली केलीच पाहिजे असे बंधन राहणार नाही."

"म्हंजे आधी त्याच्याकडं जाणार, मग माझ्याकडं," दादा म्हणाले.

"नाही दादा. आधी तुमच्याकडंही येता येतं." १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ मध्येच हे आहे. करारात वेगळं ठरवलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरतात. निम्मी नाही, दोन जामीन म्हणून वाटूनही नाही. आणि पुढच्या ओळीत सहकार कायद्याचं कलम १०१ होतं. थकबाकी झाली की संस्था निबंधकांकडे अर्ज करते, चौकशी होऊन वसुली दाखला निघतो आणि त्यावर जमीन महसुलासारखी वसुली करता येते. दिवाणी दाव्यासारख्या तारखांवर तारखा नसतात. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. वडिलांच्या वेळी याच पायरीवर आम्ही अडलो होतो. मी ते सांगितलं. आवाज थोडा बसला माझा, पण सांगितलं.

आक्का म्हणाल्या, "म्हंजे मी दोन जणांला जामीन झाले, तर माझं दीड लाख न्हाई, साडेचार लाख."

"व्याज सोडून."

कुणी बोलेना. मग पोरगाच बोलला, मान खाली घालून. "मला सांगायचं हुतं. ट्रॅक्टरचं दोन हप्ते थकल्यात माझं. घरात बी म्हाईत न्हाई."

त्याच्यासाठी तात्या आणि आक्का जामीन राहणार होते. मला वाटलं आता आवाज चढणार. तात्यांनी फक्त विचारलं, "किती?" त्याने आकडा सांगितला. मग उशिरापर्यंत त्याचाच हिशेब चालला. त्याचा ऊस जानेवारीत तुटणार होता. पहिल्या बिलातून थकलेले हप्ते भरायचे, मग कर्ज मागायचं आणि तोवर त्याच्या वाट्याचं पाइप टाकायचं शेवटी ठेवायचं, असं ठरलं. तसंही त्याचं रान लाइनीच्या टोकाला आहे. गुरुवारी तो कलम न ऐकता सही करायला आला असता, तर त्याला दोष देता आला नसता. सगळे येणारच होते.

शेवटचा कागद इकरार. सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा मान्य करतो आणि तो सातबाऱ्यावर इतर हक्कात चढतो. तो असेपर्यंत ती जमीन मोकळी विकता येत नाही. जमिनीचा तपशील रिकामा होता. आक्कांचे दोन गट आहेत, एक नदीकडचा एकरभर आणि एक घराजवळचा २२ गुंठ्यांचा. घराजवळचा त्यांना लेकीच्या नावे करायचा आहे. "त्याच्यावर बोजा नको," त्या म्हणाल्या. मी चिठ्ठीवर तेवढंच लिहून घेतलं.

गुरुवारी चौघे गेलो. चिठ्ठी सचिवांपुढे ठेवली. ते आधी वैतागले, मग एकेक वाचत गेले. व्याजाबद्दल म्हणाले, "हिशेब बाकीवरच करतोय की आम्ही. कवाच दुसरा केला न्हाई."

"मग 'मंजूर रकमेवर' खोडून सही करा."

त्यांनी खोडलं. बाजूला त्यांची आणि कर्जदाराची सही. वचनचिठ्ठीतही तसंच. ज्या जागा लागू नव्हत्या तिथे आडवी रेघ मारली, बाकी सगळ्या आमच्यासमोर शाईने भरल्या. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. आक्कांच्या एका गटावर भागतं का, ते बँकेच्या शाखेला फोन करून विचारावं लागलं. भागत होतं.

दोन गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. संस्थेने पुढे व्याजदर बदलला तर तो मान्य, हे कलम तसंच राहिलं. जामीनदाराचंही तसंच. "त्याला मी काय, चेअरमन बी हात लावू शकत न्हाई," सचिव म्हणाले आणि ते खरं होतं. पोरगा थांबल्यामुळे जामीनकी चौघांत नव्याने वाटून घेतली. आक्कांनी एकालाच जामीन राहायचं ठरवलं, दादांना. सचिवांना दादांसाठी दुसरा जामीन वस्तीबाहेरचा शोधावा लागला, त्यात आणखी आठवडा गेला. आक्कांनी तो जाऊ दिला.

सह्या झाल्यावर प्रत्येकाने आपल्या संचाची झेरॉक्स मागितली. आपल्या व्यवहाराच्या कागदांची नक्कल फी भरून मागायचा सभासदाला कलम ३२ प्रमाणे हक्क आहे, पण तो सांगावा लागला नाही. सचिवांनी स्वतःच पानं मोजून दिली. आक्कांनी ती रेशनकार्डाच्या पिशवीत घातली.

फेब्रुवारीत पोरगा ट्रॅक्टरचे हप्ते भरल्याच्या पावत्या घेऊन आला, सोबत सोसायटीतला कोरा संच. आक्कांच्या ओसरीवर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी तो स्वतः वाचत होता. "सदर कर्जावर दर साल दर शेकडा," असं म्हणून तो थांबला, आक्कांकडे बघितलं आणि म्हणाला, "रिकामं."

आक्कांनी दाणा बाजूला ठेवला.