मागणी पहिल्या दोन ओळींत

तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मी सगळी पार्श्वभूमी सांगून, नम्रपणे मेल लिहितो, तरी वरिष्ठांचे उत्तर दोन-तीन दिवस येत नाही. सुरुवातीलाच काय हवे ते लिहून टाकले, तर उद्धटपणा वाटणार नाही का?’

वाटणार नाही. नम्रता प्रस्तावनेच्या लांबीत नसते. ती संबोधनात, क्रियापदाच्या रूपात आणि समोरच्याचा वेळ वाचवण्यात असते. तुमचा मेल फोनवर पोहोचतो तेव्हा आधी पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द एवढेच दिसते, आणि मजकुरातला महत्त्वाचा भाग फोन शोधून काढेलच असे नाही. बहुतेक वेळा आरंभी जे असेल तेच तो दाखवतो. ‘महोदय, सप्रेम नमस्कार. मागील आठवड्यातील बैठकीत झालेल्या चर्चेच्या अनुषंगाने’ एवढ्यातच ती जागा संपली, तर या मेलमध्ये आपल्याकडून काही हवे आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. दोन बैठकांच्या मधल्या वेळात तो मेल उघडतो, लांबलचक मजकूर पाहून ‘संध्याकाळी निवांत वाचू’ असे ठरवतो आणि मिटतो. एकदा उघडलेला मेल न वाचलेल्या मेलसारखा ठळक दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी तो शोधावा लागतो, आणि तो शोधला जाईलच असे नाही.

एका सहकाऱ्याचा मेल उदाहरणादाखल घेतो. वार्षिक अहवालाच्या २०० प्रती छापण्याचे ठरले होते आणि आता आणखी ५० हव्या होत्या. पहिल्या परिच्छेदात मागणी का वाढली ते होते, दुसऱ्यात छापखान्याशी झालेले बोलणे, खर्च सोबत जोडलेल्या तक्त्यात, आणि शेवटी ‘तरी योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती’. आम्ही तो असा बदलला:

विषय: मंजुरी हवी – अहवालाच्या ५० जादा प्रती, गुरुवार दुपारी ४ पर्यंत

‘सर, अहवालाच्या २०० ऐवजी २५० प्रती छापण्यास आपली मंजुरी गुरुवारी दुपारी ४ पर्यंत हवी आहे. ‘मंजूर’ किंवा ‘नको’ एवढे उत्तर पुरेसे आहे. छपाई शुक्रवारी सकाळी सुरू होते आणि त्यानंतर प्रती वाढवता येणार नाहीत.’

त्याखाली जादा खर्चाचा एकच आकडा मजकुरातच लिहिला, कारण फोनवर तक्ता उघडून, मोठा करून, योग्य रकाना शोधणे ही एक वेगळीच कटकट आहे आणि नेमकी तिथेच माणसे थांबतात. बाकीची पार्श्वभूमी त्यानंतर जशीच्या तशी राहू दिली. तिची गरज असतेच, कारण मंजुरी देणाऱ्याला शंका आली तर तिचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले पाहिजे.

या दोन ओळींत सर्वाधिक काळजी वेळेची घ्यावी, असे माझे मत आहे. ‘उद्यापर्यंत’ लिहिलेला मेल दुसऱ्या दिवशी वाचला गेला की मुदत आपोआप एक दिवस पुढे सरकते, आणि ‘लवकरात लवकर’ याचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा. म्हणून वार आणि वेळ लिहावी आणि त्या वेळेमागचे खरे कारणही द्यावे. कारण नसलेली मुदत वाचणाऱ्याला रेटल्यासारखी वाटते, आणि तुम्हाला ज्या उद्धटपणाची धास्ती आहे तो तिथे खरोखरच येतो. मेल एकाहून अधिक जणांना जात असेल, तर ज्याने काम करायचे त्याचे नाव पहिल्या ओळीत हवे, नाहीतर प्रत्येक जण दुसरा उत्तर देईल असे समजतो. ‘ठीक आहे, पाहतो’ किंवा ‘मी नक्की काय करायचे आहे?’ असे उत्तर आले, तर मागणी पोहोचलेली नाही असे समजावे. पाठवण्यापूर्वी तो मेल स्वतःलाच पाठवून, न उघडता, फोनच्या यादीत पाहिला तरी हे कळते.

ही रीत सगळीकडे लावू नये. दुःखद बातमी, कोणाच्या कामातील त्रुटी, किंवा ज्यावर सावकाश विचार व्हायला हवा असा निर्णय, यांसाठी दोन ओळींत उत्तर मागणे गैर ठरते. शेवटच्या बाबतीत पहिल्या ओळीत निर्णय न मागता पंधरा मिनिटांची भेट मागावी.

आणि उत्तर आलेच नाही, तर जुना मेल ‘स्मरणार्थ’ एवढेच लिहून पुन्हा पाठवू नका. मूळ मागणी त्याच्या खाली दडते आणि फोनवर फक्त ‘स्मरणार्थ’ दिसते. त्या दोन ओळी बदललेल्या मुदतीसह पुन्हा वर लिहा.