भिंत आणि इनफिलमधली फट : माझा अनुभव

बडोद्यातल्या मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लॅस्टिकचे ब्रॅकेट छापायचे होते. नोझल ०.४ मिमीचं, दोन भिंती, आणि त्यांच्या आत १५ टक्के ग्रिड इनफिल, म्हणजे पोकळीत भरलेली जाळी. बाहेरून काम नेटकं दिसायचं, पण बाजूची भिंत नखाने दाबली की टक् आवाज करून आत जायची. प्रिंट अर्ध्यावर थांबवून टॉर्च मारला, तर इनफिलच्या रेघा भिंतीला टेकायच्या आधीच वळत होत्या.

ज्याला विचारावं तो एकच सांगे, फ्लो वाढवा, म्हणजे प्लॅस्टिक जास्त सोडा. याचा मला अजून राग येतो. १०५ टक्क्यांवर बोल्टची भोकं घट्ट झाली आणि फट तशीच राहिली. प्रश्न प्लॅस्टिक कमी पडण्याचा नव्हता, रेघ कुठे संपते याचा होता.

मग ऑर्का स्लायसरमध्ये `Infill/Wall overlap` वाढवलं, म्हणजे इनफिल भिंतीत किती शिरतं तो आकडा. ही टक्केवारी इनफिलच्या रेघेच्या रुंदीची असते. रेघ ०.४५ मिमीची असेल तर १५ टक्के म्हणजे जेमतेम ०.०७ मिमी, आणि २५ टक्के म्हणजे ०.११. मी ३५ पर्यंत गेलो. फट पुरती बुजली नाहीच, वर बाहेरच्या अंगाला इनफिलच्या रेघा उमटल्या.

सगळा वेळ इथेच गेला. दोष होता `Print infill first` या खुणेचा. दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रोफाइलमध्ये ती चालू राहिली होती. इनफिल आधी पडलं की रेघेच्या टोकाला टेकायला काहीच नसतं, त्यामुळे वळणावर ते आत ओढलं जातं. नंतर येणारी भिंत काही टोकांना नुसती घासून जाते आणि जी टोकं पुढे आलेली असतात त्यांच्यावर चढून बाहेर ढकलली जाते. भिंत आधी उभी असली की इनफिल तिच्यावर दाबलं जाऊन चिकटतं. खूण काढली, `Walls printing order` मध्ये `Inner/Outer` ठेवलं, ओव्हरलॅप २२ वर आणला. फट गेली, बाहेरच्या रेघाही गेल्या.

ओव्हरलॅपचा आकडा शोधायला ३० × ३० × १० मिमीचे चार ठोकळे छापा, वरचे थर शून्य ठेवून, म्हणजे आतलं उघडं दिसतं. १०, १५, २० आणि २५ टक्के. भिंत नखाने हलत नाही असा सगळ्यात कमी आकडा घ्या. इनफिलचा वेग सेकंदाला १५० मिमीवरून ८० केल्यावर मला ओव्हरलॅप तीन टक्क्यांनी कमी पुरला, कारण वेगात वळणावर रेघ बारीक होते.

आणि हे खरं तर सर्वांत आधी बघायचं : फट चारही बाजूंना आहे का? एकाच दिशेच्या भिंतींना असेल तर ओव्हरलॅपला हात लावू नका, त्या अक्षाचा बेल्ट ताणून बघा. वरच्या भरीव थराच्या कडेला बारीक छिद्रं दिसत असतील तर त्याचा आकडा वेगळा आहे, `Top/Bottom solid infill/wall overlap`. तो वरच्या आकड्याने हलत नाही.