पार्किंगची सोडत आणि माझं दीड पानी पत्र

आमच्या सोसायटीत गाड्या लावायच्या जागा २८ आणि अर्ज आले ३७. सचिव मी, त्यामुळे सोडत कशी होणार हे सभासदांना पत्रानं कळवायचं काम माझ्याकडे. पहिला मसुदा मी चार ओळींत उरकला होता: अमुक तारखेला खुली सोडत होईल, हजर राहावे. खजिनदारांनी तो वाचून एकच विचारलं, "लांब गाडीवाल्याला छोटी जागा निघाली तर?"

मग मी टेप घेऊन खाली उतरलो. २४ जागा पाच मीटरच्या निघाल्या. खांबांमुळे उरलेल्या चार जागा सव्वाचार मीटरच्याच, म्हणजे तिथं चार मीटरच्या आतलीच गाडी नीट बसणार. अर्जांना जोडलेल्या आरसी पाहिल्या, गाडीच्या मॉडेलवरून लांबी तपासली. मोठ्या गाड्या २२, छोट्या १५.

खरी गोम अशी की 'जागा मिळणार का' आणि 'कुठली मिळणार' हे दोन प्रश्न एकाच चिठ्ठीत कोंबले की भांडण ठरलेलंच. म्हणून पत्रात दोन सोडती लिहिल्या. पहिलीत सगळ्या ३७ फ्लॅटच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात. ज्या क्रमानं निघतील तोच क्रमांक. पहिल्या २८ जणांना जागा, पुढचे नऊ प्रतीक्षा यादीत. इथं गाडी लहान की मोठी, हे बघायचंच नाही. दुसरी सोडत जागांच्या नंबरांची, फक्त त्या २८ जणांसाठी. आधी मोठ्या गाड्यांनी २४ लांब जागांतून चिठ्ठी उचलायची, मग उरलेल्या लांब आणि चार आखूड जागा एकत्र करून छोट्या गाड्यांनी. मोठ्या गाड्या मुळात २२ च, त्यामुळे पहिल्या सोडतीत कसाही क्रम लागला तरी एकही गाडी अडणार नव्हती. हे पक्कं करायला मी कागदावर तीनदा हिशेब मांडला.

छोट्या गाडीवाले कुरकुरले. लिफ्टजवळच्या जागा आधी मोठ्यांनाच का? तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पण उलट क्रम लावला तर छोट्या गाड्या लांब जागा अडवणार आणि शेवटी मोठ्या गाडीसमोर आखूड जागा उरणार. पत्रात हे कारणासकट लिहिलं.

आणखी दोन मुद्दे घालावे लागले. एक, उपविधींप्रमाणे जागा कमी आणि इच्छुक जास्त असले की वाटप वर्षापुरतं, आणि एका सभासदाला दुसरी जागा नाही. दोन, एका सभासदानं बिल्डरची स्टिल्ट पार्किंगची, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या जागेची, पावती पुढं केली होती. आमची इमारत बिल्डरांवरच्या रेरा कायद्याच्या आधीची. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात बिल्डरला स्टिल्टमधली जागा वेगळी विकता येत नाही, असं सांगितलं आहे. ते पत्रात दोन वाक्यांत मांडलं. ते गृहस्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सोडतीच्या दिवशी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजल्या. भरल्या ३६! यादीशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, पाचशे तीनची चिठ्ठी लिहायचीच राहिली होती. चूक माझीच. नवी चिठ्ठी त्याच कागदाची, तशीच दुमडून टाकली. मोजणी केली नसती तर सोडत रद्द करायची वेळ आली असती. चिठ्ठ्या तळमजल्यावरच्या शाळकरी मुलीनं काढल्या. निकालाच्या कागदावर उपस्थितांच्या सह्या घेतल्या आणि तो इतिवृत्ताला जोडला. २८ जणांत मोठ्या गाड्या १७ आल्या. त्यांनी जागा उचलल्यावर सात लांब आणि चार आखूड उरल्या, छोट्या गाड्या बरोबर ११.

माझा क्रमांक ३१. गाडी रस्त्यावर.

चार महिन्यांनी एक सभासद फ्लॅट विकून गेले आणि एक आखूड जागा मोकळी झाली. पत्रात कलम होतं की मोकळी जागा यादीतल्या पहिल्या बसणाऱ्या गाडीला जाईल, ज्याची बसत नाही त्याचा क्रमांक मात्र कायम राहील. २९ आणि ३० कडे मोठ्या गाड्या. म्हणजे जागा मला. जिन्यात लगेच कुजबुज, "नियम कोणी लिहिला होता, बघा." मी सोडतीच्या आधीच्या तारखेचं ते पत्र पुन्हा फलकावर लावलं, २९ आणि ३० च्या 'वाचलं, हरकत नाही' अशा सह्या घेतल्या आणि वाटपाचा ठराव समितीच्या बैठकीत आला तेव्हा बाहेर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी अध्यक्षांनी आत बोलावलं. गाडी आता खांबाशेजारी उभी असते, डावं दार पूर्ण उघडत नाही.