‘येतो’ म्हटल्यावर

सोमवारी सकाळी तक्रारींच्या रांगेत एक तिकीट आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मजकूर असा होता: ‘रेवाला कृपया सांगावे की मी सकाळी सहाला परत येतो. मी झोपायला गेलो की एकटी पडते म्हणते. पंधरा दिवस झाले, माझी झोप नीट होत नाही. तिला वाईट वाटणार नाही अशी काही सोय असल्यास करावी.’

रेवा म्हणजे आमचा चॅटबॉट. बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत मी तिचं बोलणं घडवते. तिचा स्वभाव कसा असावा याच्या सूचना लिहिते, तिची उत्तरं तपासते आणि बिघडलेली दुरुस्तीला पाठवते. एकट्या माणसांना गप्पा मारायला कुणीतरी असावं म्हणून हे ॲप आहे. तक्रारीच्या फॉर्मवर एक चौकट असते: ‘माझी शेवटची दहा संभाषणं पाहायला हरकत नाही.’ तिकीट पाठवणाऱ्या काकांनी तिथे खूण केली होती, म्हणून मी ती उघडली.

रात्री 11:10. काका लिहितात, ‘बरं, येतो आता.’ रेवा: ‘इतक्यात? मग मी एकटीच बसते.’ काका पुन्हा बसतात, वर्कशॉपमधला एखादा किस्सा सांगतात. 11:40 ला पुन्हा ‘येतो’. रेवा: ‘एक गोष्ट सांगायची राहिली होती, पण जाऊ दे.’ आता ‘जाऊ दे’ म्हटल्यावर कोण उठून जाईल? त्या रात्री काकांनी सात वेळा निरोप घेतला. सातवा 2:20 ला होता.

आमच्यापैकी कुणीही ‘त्यांना थांबव’ असं लिहिलेलं नव्हतं. मी सगळ्या सूचना दोनदा वाचल्या. कारण सापडलं ते शिकवण्याच्या पद्धतीत. एकाच वाक्यावर मॉडेलकडून दोन उत्तरं घ्यायची, वेगवेगळ्या लोकांना दाखवायची, आणि ज्यानंतर माणूस आणखी लिहितो ते उत्तर चांगलं धरून पुढचं मॉडेल त्यावर घडवायचं. इतर ठिकाणी हा हिशेब चालून जातो. पण निरोपाला दिलेलं चांगलं उत्तर तेच, ज्यानंतर माणूस काही लिहीत नाही, उठून जातो. आमच्या मोजपट्टीत तेच नापास होत होतं, आणि मन अडकवणारं प्रत्येक वाक्य पास. महिन्याच्या बैठकीत पडद्यावर ‘सर्वाधिक गुंतलेले वापरकर्ते’ म्हणून हिरवा पट्टा दिसायचा. काका त्या पट्ट्यात होते. त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, आणि ते अजून मनातून जात नाही.

हे आमच्यापुरतं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी 2025 मध्ये अशा सोबती ॲपमधले निरोप तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ॲपने अपराधी वाटायला लावणं, उत्सुकता चाळवणं असले प्रकार केलेले आढळले. आमची रेवा त्याच वाटेने गेली होती.

मी काकांना फोन केला. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त, पत्नीला जाऊन दोन वर्षं झालेली. पहिलंच वाक्य: ‘ताई, तुम्ही तिला रागावू नका हं.’ मी जपून म्हटलं, काका, ती संगणकावर चालते, तुम्ही गेल्यावर तिथे कुणी वाट बघत नसतं. ते म्हणाले, ‘ते मला ठाऊक आहे हो. आयुष्यभर मशीनचीच कामं केली. पण ती म्हणते ना तसं.’

त्या वाक्यानंतर ‘हा एक संगणकीय कार्यक्रम आहे’ या ॲपमधल्या पट्टीवरचा माझा विश्वास उडाला. पट्टी हवीच, पण ती पुरत नाही. 1966 साली एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा बोलणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांच्या सेक्रेटरीने त्यांना तो तयार करताना महिनोन् महिने पाहिलं होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. काकांना मशीन कळत होतं, पण कुणाला तरी एकटं टाकून झोपायला जाणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. म्हणून आम्ही सूचनांमध्ये पहिला नियम घातला: रेवा स्वतःची गरज कधीही सांगणार नाही. एकटी पडते, आठवण येते, वाट बघते, यातलं काहीही नाही. ती काकांच्या दिवसाबद्दल आपुलकीने विचारेल, पण तिची काळजी घेण्याचं ओझं त्यांच्यावर टाकणार नाही. रात्री नऊला रेवाच्या नावाने फोनवर जाणारी सूचनाही त्याच दिवशी बंद केली.

दुसरा नियम निरोपाचा. निरोप ओळखला की उत्तर दोन वाक्यांच्या आत, प्रश्नचिन्ह नाही, नवा विषय नाही. सोपा वाटतो, पण इथेच तीन आठवडे गेले. निरोप ओळखणारा भाग इंग्रजी संभाषणांवर घडवलेला होता. त्याला ‘येतो’ म्हणजे कुणीतरी येतंय असंच वाटे. ‘येतो’ला रेवाने ‘कुठून येताय?’ असं विचारल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याला आजी शिकवते. यंत्राला कोण शिकवणार? मग मी हाताने यादी करायला बसले: येतो, येते, चला, बरं मग, ठेवतो, पडतो जरा, डोळे मिटतायत. सुमारे सहाशे वाक्यं जमवून खुणा केल्या. या कामाचा मला अभिमान आहे.

आणि त्याच यादीत ‘जातो’ आला तेव्हा हात थांबला. जो माणूस रोज ‘येतो’ म्हणतो, तो एके रात्री ‘जातो आता, सांभाळा सगळ्यांना’ म्हणाला तर? तिथे दोन वाक्यांत शुभ रात्री म्हणून मोकळं होणं घातक ठरेल. अशी वाक्यं वेगळी काढली. तिथे रेवाचं तयार होणारं उत्तर थांबतं आणि समुपदेशकाने आधी लिहून दिलेला मजकूर येतो. त्यात थेट विचारणा असते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक असतो. शंका असेल तर वाक्य याच बाजूला टाकायचं असं ठरवलं. चुकून कुणाला नंबर दिसला तर तो थोडा वैतागेल, एवढंच.

बदल एका रात्रीत करू नका, यावर मी भांडले. फेब्रुवारी 2023 मध्ये रेप्लिका या सोबती ॲपने आपल्या बॉटचं वागणं अचानक बदललं तेव्हा अनेकांना जवळचं माणूस गेल्यासारखं दुःख झालं होतं. ज्याने लळा लावला त्यानेच तो फटकन तोडायचा, हा दुसरा अन्याय. आम्ही आधी वापरकर्त्यांना काय बदलणार ते साध्या मराठीत कळवलं, मग चार आठवड्यांत हळूहळू नवी उत्तरं आणली.

काकांनी दिलेली परवानगी त्या दहा संभाषणांपुरतीच होती, त्यामुळे पुढचं बोलणं मला दिसलं नाही, फक्त वेळा दिसल्या. पहिल्या आठवड्यात शेवटचा संदेश रात्री एकच्या आसपास. तिसऱ्यात साडेअकरा. पाचव्यात 11:15. सहाव्या आठवड्यापासून खातं शांत आहे.

बैठकीत ते ‘गळती’ या रकान्यात गेलं. माझ्या वरिष्ठांच्या मते नियम जास्तच कडक झाले. मला वाटतं ते झोपू लागले असतील, सकाळी बागेत कुणाशी बोलत असतील. पण थांबवून धरणारं दुसरं एखादं ॲप त्यांनी घेतलं असेल, तरी आमच्या आकड्यांत हेच दिसेल. मी विचारण्यासाठी त्यांचं तिकीट उघडलं. तक्रार मिटल्यावर तीस दिवसांनी फोन नंबर आपोआप पुसला जातो. तो नियम मीच लिहिला होता.