राहू आला, पण कुठल्या दाराने?

22 मे 2025, गुरुवार. बाहेर वळीव कोसळत होता. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत एक बाई आणि त्यांचे भाऊ छत्री मिटवत आत आले. पिशवीतून पत्रिका काढायच्या आधीच बाई बोलायला लागल्या, "गुरुजी, पोरीच्या सातव्या घरात राहू आला म्हणं. डिसेंबरचं लग्न पुढं ढकला म्हणून सांगितलंय एकानं. हॉल ठरलाय, काय करायचं आता?"

मामांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये राहू अजून मीनेत दिसत होता आणि पंचांगात मात्र 18 मेलाच कुंभेत गेलेला. खरं काय?

आधी तेवढं उलगडून सांगितलं. राहू-केतूला पिंड नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते हे दोन बिंदू, कायम समोरासमोर. त्यांची सरासरी चाल धरली की मध्यम राहू आणि प्रत्यक्ष हेलकावे धरले की स्पष्ट राहू. दोघांत सुमारे दीड अंशापर्यंत फरक पडतो, म्हणून राशिप्रवेशाची तारीख काही दिवसांनी, कधी महिन्याभराने मागेपुढे होते. दोन्ही गणितं बरोबरच आहेत, फक्त एका पत्रिकेला दोन्ही मिसळायची नाहीत. मी मध्यम वापरतो.

मग पत्रिका उघडली. मुलगी 26 वर्षांची, सिंह लग्न म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर सिंहेचं, आणि सप्तमात, जोडीदाराच्या सातव्या घरात, कुंभेचा चंद्र. म्हणजे राहू सप्तमात, केतू पहिल्या घरात, आणि राहू चंद्राच्या राशीत. घाबरवणाऱ्याने पाहिलं होतं ते खोटं नव्हतं. पण त्याने चंद्राचे अंश पाहिले नव्हते. 4 अंश 10 कला, धनिष्ठा नक्षत्राचं चौथं चरण.

इथंच पुष्कळदा चूक होते. राहू वक्री, म्हणजे उलटा चालतो, त्यामुळे राशीत तो मागच्या दाराने शिरतो. 30 अंशावर पाऊल ठेवतो आणि शून्याकडे सरकतो. आपण दीड वर्ष म्हणतो, हिशेबाने एका राशीला सुमारे 566 दिवस लागतात, म्हणजे एका अंशाला जवळजवळ 19 दिवस. मी कागदावर मांडून दाखवलं. 30 वरून 4 वर यायला 26 अंश, साधारण 490 दिवस. 18 मेपासून मोजले तर 21 सप्टेंबर 2026. डिसेंबर 2025च्या सुरुवातीला राहू साडेएकोणीस अंशांवर असेल, चंद्रापासून पंधरा अंश लांब.

"आणि ढकललं तर कधी करणार होता?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी. गणपती झाले की लगेच," मामा म्हणाले.

म्हणजे ज्याला टाळायचं म्हणून पुढे ढकलणार, नेमकं त्याच्याच तोंडाशी लग्न नेऊन ठेवणार होते.

तरी एवढ्यावर मी निकाल देत नाही. राहू-केतूचा हाच अक्ष उलट्या टोकांनी सव्वानऊ वर्षांपूर्वी पडला होता. जानेवारी 2016 ते ऑगस्ट 2017 राहू सिंहेत, केतू कुंभेत. केतू त्या 4 अंशांवर आला तो जून 2017च्या सुरुवातीला. मी कारण न सांगता नुसतं विचारलं, "2017च्या उन्हाळ्यात पोरीचं काय चाललं होतं?"

बाई गप्प झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बारावी झाली तवा. पुण्याला होस्टेलवर ठेवली कोर्ससाठी. रोज रात्री फोनवर रडायची, जेवण सुटलं. तीन आठवड्यांत परत आणली. कुणाला सांगितलं नाही आम्ही."

माझ्या अंगावर काटा आला. चंद्र म्हणजे मन, केतू तोडतो, हे रोज बोलतो आपण. समोर आई डोळे पुसत असते तेव्हा ते वाक्य वेगळंच लागतं.

पण 2017 आणि 2026 यांत एक मोठा फरक होता आणि तो सांगणं माझं काम होतं. तेव्हा तिला राहूची महादशा, म्हणजे आयुष्यातला राहूचा कालखंड, चालू होती. धनिष्ठेचा जन्म, मंगळाचं सव्वा वर्ष शिल्लक, मग अठरा वर्षं राहू. ती दशा एकोणिसाव्या वर्षी संपली, आता गुरूची चालू आहे. दशेत जोर नसेल तर गोचर, म्हणजे ग्रहांचं चालू भ्रमण, अस्वस्थ करतं, उलथवत नाही, असं मी आजवर पाहत आलोय. शिवाय एका पत्रिकेतला एक जुना प्रसंग जुळला म्हणजे पुढचा तसाच घडेल, असंही मी त्यांना म्हणालो नाही. लग्न डिसेंबरलाच करा, एवढं मात्र ठामपणे सांगितलं. आणि 2026च्या ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिने नोकरी किंवा घर बदलू नये, एकटी राहू नये.

बाईंनी बोटांवर महिने मोजले.

"गौरी-गणपतीतच येतंय की हे. मग तवा माहेराला आणू का तिला, पंधरा दिवस?"

"आणा," मी म्हणालो, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलने ती तारीख लिहून दिली.