चिऊ-काऊच्या सहा क्लिप्स: पाच झाल्या, सहावी बाकी

मंडळी, मागच्या महिन्यात सांगितलं होतं की चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं घर शेणाचं ही गोष्ट छोट्या छोट्या क्लिप्समध्ये करायला घेतलीये. पाच क्लिप्स झाल्या. एकेक क्लिप साधारण ४५ सेकंदांची आहे, एखादी मिनिटाला टेकते. ऐकणारी म्हणजे माझी भाची, साडेतीन वर्षांची, बंगळुरूला असते. ती आईच्या फोनवर ऐकते, हेडफोन नाही, स्पीकर नाही, फोन सतरंजीवर ठेवलेला असतो आणि ती बाजूला खेळत असते. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

ही गोष्ट का घेतली तर तिच्यात आवाज आधीपासूनच आहेत. पाऊस, वारा, दारावरची टकटक, बाळाची अंघोळ, अंगाई. आणि चार वेळा तेच वाक्य येतं, "चिऊताई चिऊताई दार उघड". लहान मुलाला दुसऱ्या वेळेपासून ते पाठच होतं. त्यामुळे क्लिप्स कुठे तोडायच्या ते पण गोष्टच सांगते. दार वाजलं, चिऊ म्हणाली थांब, क्लिप संपली. पहिल्यांदा मी चिऊ बाळाला अंघोळ घालत असतानाच मधे क्लिप तोडली होती, ते चुकलं. ताई म्हणाली की पोरगी ऐकून उठून गेली, पुढचं मागितलंच नाही. आता प्रत्येक क्लिप बंद दारावर संपते आणि ती स्वतःच विचारते की उघडलं का दार.

पहिलं स्क्रिप्ट मी आजी सांगायची तसंच लिहून काढलं होतं. "मुसळधार पावसात चिंब भिजलेला, थंडीने कुडकुडणारा कावळा चिमणीच्या दाराशी आला." ऐकायला छान आहे पण साडेतीन वर्षांचं पोर वाक्याच्या शेवटी "आला" येईपर्यंत कोण आला तेच विसरतं, कारण सगळी विशेषणं आधी आणि कावळा नंतर. मग ते असं झालं: "कावळा भिजला. त्याला थंडी वाजली. तो चिऊच्या घरी आला." एका वाक्यात एकच गोष्ट आणि जो करतो तो आधी. शब्द चार, फार तर पाच. "कुडकुड" मात्र ठेवलं, कारण त्याचा अर्थ आवाजातूनच कळतो, मी म्हणताना दात वाजवते. "मुसळधार" पूर्ण काढला, तिथे नुसता पाऊस वाजतो. मेण आणि शेण हे दोन्ही शब्द तिला माहीतच नव्हते, फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या पोराने शेण कधी बघायचं? मेणासाठी "मेणबत्ती असते ना, तिचं मेण" एवढंच म्हटलं. शेणासाठी आधी गाय हंबरते, मग "गाईचं शेण". गाईचा आवाज तिला ओळखता येतो, त्याला धरून नवा शब्द आला की तो चिकटतो.

आता तिसऱ्या क्लिपचं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिने खाल्ला. स्क्रिप्ट असं होतं, कंसात आवाज:

(बाहेरचा पाऊस)
कावळा आला.
(टक टक टक)
चिऊताई चिऊताई, दार उघड!
(घरातला पाऊस, हळू)
थांब. बाळाला अंघोळ घालते.
(पाणी)
बाळ हसलं.
(टक टक टक)
अजून थांब हं!

पावसाचा आवाज मी आधी खराखुरा रेकॉर्ड केला, गॅलरीत फोन ठेवून. फोनच्या स्पीकरवर तो भजी तळल्यासारखा लागतो, नुसता चर्र. खरा पाऊस म्हणजे हजारो थेंब एकदम, त्यात एक थेंब वेगळा ऐकू येत नाही आणि छोट्या स्पीकरवर तर सगळ्याची मिळून एक सलग सरसर होते. मग सूप घेतलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले, सूप हळूहळू तिरपं करत राहिले. तांदूळ घरंगळताना प्रत्येक दाणा सुपाच्या काड्यांवर वेगळा टिपटिपतो आणि कानाला तोच पाऊस वाटतो. २० सेकंदांचा तुकडा घेऊन पुढे पुढे जोडला, पण तेवढ्याने भागलं नाही, दर २० सेकंदांनी तोच एक मोठा दाणा ऐकू यायचा. म्हणून तोच तुकडा दुसऱ्या ट्रॅकवर ७ सेकंद पुढे सरकवून थोडा हळू करून ठेवला, मग जोड सापडत नाही.

खरी अडचण अंघोळीची. मगने बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज घेतला, मस्त आला होता, आणि क्लिप पाठवली तर भाची म्हणाली, "अजून पाऊस पडतोय." बरोबर होतं तिचं. फोनवर ओतलेलं पाणी आणि पाऊस दोन्ही सारखीच सळसळ. मी हेडफोनवर मिक्स करत होते म्हणून मला फरक कळत होता, तिला कळायचं कारणच नव्हतं. दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ओतणं काढलं आणि तांब्या बादलीत बुडवल्याचा आवाज घेतला, तिरपा करून दाबला की हवा निघताना बुड बुड बुड होतं ना, तो. त्याला चढउतार आहे, सूर आहे, पावसाशी गल्लत होऊच शकत नाही. दुसरं म्हणजे चिऊ बोलते तेव्हा आपण घरात असतो, तर पाऊसही दाराबाहेरचा वाटला पाहिजे. ऑडेसिटी म्हणून आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पावसावर Low-Pass Filter लावला, ८०० हर्ट्झला, वरची सळसळ गेली आणि पाऊस भिंतीपलीकडे गेल्यासारखा झाला. नुसता आवाज कमी केला तर पाऊस कमी झाला असं वाटतं, घरात आलो असं वाटत नाही, हा फरक मला करून बघितल्यावर कळला. यापेक्षा खाली, म्हणजे ३०० वगैरे करून बघितलं तर फोनवर काहीच वाजेना, तेवढे खालचे आवाज छोटा स्पीकर काढतच नाही.

ढगांचं पण तेच झालं. एक्स-रेची जुनी फिल्म हलवून गडगडाट केला होता, हेडफोनवर छाती हलते, फोनवर गायब. त्याला खाली घुमवायचा नाद सोडला आणि फिल्मचा जो वरचा खडखड भाग आहे तोच मोठा केला. आणि तो एकदम सुरू करायचा नाही, पहिल्या टेकला भाची दचकून आईकडे पळाली. आता आधी मी म्हणते, "ढग वाजणार हं," मग सेकंदभरात हळूहळू चढतो. आता ती स्वतःच ढगासारखी गुरगुरते.

बोलणं आणि आवाज एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, यावर मी आता ठाम आहे. पाऊस, तळणं, वारा असले आवाज स, श, च, फ खाऊन टाकतात, कारण ही अक्षरं स्वतःच सळसळीची आहेत. "चिऊ"चा "इऊ" होतो. मोठ्या माणसाला अंदाजाने कळतं, लहान मुलाला तो शब्दच आयुष्यात तिसऱ्यांदा ऐकायला मिळत असतो. ऑडेसिटीत Auto Duck आहे, बोलणं आलं की पाऊस आपोआप खाली जातो, मी १२ डेसिबल ठेवलंय. बोलण्याचा ट्रॅक पावसाच्या ट्रॅकच्या खाली पाहिजे, वर असेल तर ते चालत नाही, माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

टकटक मात्र पाऊस आणि बोलणं दोन्हींच्या मधे एकटी वाजते. लाकडी पाटावर बोटाच्या पेरांनी तीन ठोके. आधी मी ठोके संपले की लगेच "चिऊताई" म्हणायचे. मग ताईने एक व्हिडिओ पाठवला, त्यात भाची ठोका ऐकून दाराकडे बघते, आणि ती वळून परत येईपर्यंत माझं वाक्य संपलेलं. आता ठोक्यांनंतर दीड सेकंद शांतता आहे. एडिट करताना ते दीड सेकंद फार मोठं वाटतं, हात शिवशिवतो कापायला, पण कापू नका. तेवढ्या वेळात ती विचारते, "कोण आहे?" आणि मग कावळा बोलतो. पहिल्या तीन वेळा ठोके अगदी तेच, कॉपी करून, कारण ती जमिनीवर बरोबर ठोकते. चौथ्या वेळी फक्त दोन, हळू. कावळा दमलाय हे मी शब्दात सांगितलेलंच नाही, तरी तिने तिसऱ्या ठोक्यासाठी उचललेला हात तसाच ठेवला आणि आईला म्हणाली, "काऊला बरं नाही."

वेळा लक्षात ठेवायला लेबल ट्रॅक वापरते, Ctrl+B दाबून नाव द्यायचं. एक्स्पोर्ट केलं की अशी साधी फाईल मिळते, सुरुवात आणि शेवट सेकंदात:

```
4.200000	5.600000	टकटक
7.100000	9.300000	चिऊताई
12.000000	14.500000	तांब्या
```

दुसऱ्या क्लिपचे ठोके कुठे होते ते यात बघून तिसरीत तेवढंच अंतर ठेवता येतं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून बोलते, पंखा बंद. साधा कॉलर माईक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर लांब. या गोष्टीत पाऊस, पाणी, भिजला, बाळ असलेच शब्द भरलेत आणि समोर माईक असला की प्रत्येक प आणि भ ला फुंकर बसते, वेव्हफॉर्मवर शब्दाच्या तोंडाशी एक जाड गाठ दिसते. ती नंतर फिल्टरने पूर्ण जात नाही, परत बोलावं लागतं. शेवटी सगळ्या क्लिप्स Loudness Normalization ने आवाजाच्या एकाच पातळीला, -१६ एलयूएफएसला, आणते, नाहीतर एक क्लिप मोठी एक बारीक आणि ताई सारखी आवाज कमीजास्त करत बसते. आणि प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आणि शेवटी पाऊस विरवते. सलग पाऊस ठेवून क्लिप्स कापल्या होत्या पण एमपीथ्री केलं की फाईलच्या तोंडाशी बारीकशी शांतता येते, एकापाठोपाठ लावलं की पावसात खड्डा पडतो.

सहावी अडलीये ती शेवटामुळे. आमच्या आजीच्या गोष्टीत दार उघडतं, चिऊ कावळ्याला चुलीपाशी बसवते आणि तो गरम तव्यावर बसतो, चटका बसतो. चर्र आवाज करणं सोप्पं आहे, तापलेल्या तव्यावर ओलं फडकं. करून ठेवलाय. पण पाच क्लिप्स ती त्याच्यासाठी ठोके देत बसलीये, काऊला बरं नाही म्हणतीये, आणि मी त्याला तव्यावर बसवू? ताईचं म्हणणं गोष्ट आहे तशी सांग. माझा कल दार उघडण्यावर थांबायचा आहे. दाराच्या बिजागरीची करकर मला अजून मनासारखी मिळालेली नाही, आमच्या सगळ्या दारांना तेल घातलेलं आहे. रविवारी आत्याकडे जातेय, तिच्या माळ्याचं दार जुनं आहे, माईक घेऊन जाते. कोणी शेवट बदलून लहान मुलांना ऐकवला असेल तर काय झालं ते लिहा.